किमान शिलकीचा दंड आणि तो टाळण्याचे दोन मार्ग

बचत खात्यातली किमान शिलकीची अट बहुतेक बँकांमध्ये रोजच्या शिलकीवर लागत नाही, ती महिन्याच्या सरासरी शिलकीवर लागते. काही बँका हीच सरासरी तिमाहीची धरतात. महिन्यातल्या प्रत्येक दिवशी, दिवसाचे व्यवहार बंद झाल्यावर खात्यात जी रक्कम उरते तिची बेरीज केली जाते आणि त्या बेरजेला महिन्याच्या दिवसांनी भागले जाते. येणारा आकडा ठरलेल्या किमान रकमेपेक्षा कमी भरला, तर फरकावर दंड आकारला जातो. त्यामुळे ‘खात्यात एकदाही पैसे दहा हजारांच्या खाली जाता कामा नयेत’ ही समजूत बरोबर नाही. ‘महिनाअखेरीस दहा हजार असले की झाले’ ही समजूतही तितकीच चुकीची आहे, आणि दंड भरणाऱ्यांपैकी अनेकांचे गणित नेमके इथेच चुकते.

तीस दिवसांचा महिना आणि 10,000 रुपयांची सरासरी अट असलेले खाते घेऊ. महिनाभराच्या रोजच्या शिलकांची बेरीज 3 लाख झाली पाहिजे. समजा, पहिले दहा दिवस खात्यात 13,000 रुपये होते. मग भाडे आणि शाळेची फी गेली आणि पुढचे वीस दिवस 4,000 राहिले. पहिल्या दहा दिवसांचे 1,30,000 आणि नंतरच्या वीस दिवसांचे 80,000, मिळून 2,10,000. तिसाने भागले की सरासरी 7,000 येते, म्हणजे 3,000 रुपये कमी. बँकेचा दर तुटीच्या 6 टक्के असेल तर दंड 180 रुपये होतो. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 32 रुपये 40 पैसे. पासबुकात 212 रुपये 40 पैसे वजा झालेले दिसतात, आणि ज्याने सगळे दिवस खात्यात काही ना काही ठेवले होते त्याला ते कशाबद्दल गेले हे पटकन उमगत नाही.

हेच गणित उलट्या बाजूने मांडले की दंड टाळायचा मार्गही दिसतो. वरच्या उदाहरणात 20 तारखेपर्यंतची बेरीज 1,70,000 झाली आहे. उरलेल्या दहा दिवसांत 1,30,000 जमवायचे, म्हणजे रोज 13,000 शिल्लक हवी. खात्यात 4,000 आहेत, म्हणून 21 तारखेला 9,000 भरले आणि महिनाअखेरपर्यंत हलवले नाहीत की अट पूर्ण होते. पण खातेदाराला 25 तारखेनंतर जाग आली, तर 26 ते 30 या पाच दिवसांत 1,10,000 जमवावे लागतात. रोजची शिलक 22,000 हवी, म्हणजे भरणा 18,000 चा. आणि शेवटच्या एकाच दिवसावर वेळ आली तर त्या रात्री खात्यात 94,000 रुपये असावे लागतील. तूट तीच असते, पण प्रत्येक वाया गेलेल्या दिवसाबरोबर ती भरून काढायला लागणारी रक्कम फुगत जाते. म्हणून महिन्याच्या 20 तारखेच्या आसपास एकदा सरासरी पाहणे शहाणपणाचे. बऱ्याच बँकांच्या ॲपमध्ये चालू महिन्याची सरासरी दिसते. दिसत नसेल, तर स्टेटमेंटवरून वहीतही ती काढता येते.

यात लक्षात ठेवण्याची गोष्ट म्हणजे मोजली जाते ती दिवसाच्या शेवटची शिल्लक. सकाळी 50,000 आले आणि संध्याकाळी पुढे पाठवले, तर सरासरीत त्यांचा काहीही उपयोग नाही. पैसे दुसऱ्या खात्यात हलवायचेच असतील, तर ते दुसऱ्या दिवशी सकाळी हलवले तरी एका रात्रीची शिल्लक पदरात पडते. ऑटो स्वीप घेतलेल्या खात्यात आणखी एक अडचण येते. ठरावीक रकमेच्या वरचे पैसे आपोआप मुदत ठेवीत जातात, आणि ती ठेव सरासरीत धरायची की नाही हे प्रत्येक बँक आपापल्या नियमांनी ठरवते. काही बँका ठरावीक रकमेची मुदत ठेव असेल तर सरासरीची अटच माफ करतात. हे शाखेत विचारून घ्यावे आणि बँकेच्या शुल्कपत्रकात लिहिलेले स्वतः पाहावे.

अटीची रक्कम शाखा कुठे आहे यावरही ठरते. महानगर, शहर, निमशहर आणि ग्रामीण अशा चार गटांसाठी बहुतेक खासगी बँकांच्या रकमा वेगळ्या असतात. खाते पुण्या-मुंबईच्या शाखेत उघडले गेले आणि खातेदार आता तालुक्याच्या गावी राहतो, अशी स्थिती असेल तर मूळ शाखा बदलून घेतल्याने अट कमी होऊ शकते. अर्जासोबत नव्या पत्त्याचा पुरावा लागतो. मात्र जुन्या खात्याला जुन्या शाखेचीच अट लागू राहील का, हे अर्ज देण्याआधीच विचारावे.

दंडाबाबत बँकांचे हात पूर्णपणे मोकळे नाहीत. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2014 मध्ये काढलेले आणि 1 एप्रिल 2015 पासून लागू झालेले नियम असे सांगतात, की शिल्लक कमी पडल्यास बँकेने खातेदाराला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवले पाहिजे, आणि कळवल्यापासून महिन्याभरात शिल्लक भरून निघाली नाही तरच दंड लावता येतो. दंड तुटीच्या प्रमाणात असला पाहिजे. शंभर रुपये कमी आणि नऊ हजार रुपये कमी यांना एकच रक्कम लावणे या नियमात बसत नाही. शिवाय केवळ दंडामुळे खाते उणे होता कामा नये. हा शेवटचा नियम व्यवहारात वेगळ्या रूपात भेटतो. खात्यात शून्य असेल तर बँक शिल्लक उणे दाखवत नाही, पण वसूल न झालेला दंड लियन म्हणून टांगून ठेवला जातो आणि पुढे कधी पैसे जमा झाले की तो आधी कापला जातो. खात्यात रक्कम दिसते पण काढता येत नाही, तेव्हा बहुधा हेच कारण असते. आणखी एक संरक्षण फारसे माहीत नाही: दोन वर्षे खातेदाराकडून व्यवहार न झाल्यामुळे निष्क्रिय ठरलेल्या खात्यावर किमान शिलकीचा दंड लावता येत नाही.

मुळात दर महिन्याला हे गणित सांभाळणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे तो मूलभूत बचत खात्याचा. बँकांच्या भाषेत याला बीएसबीडी खाते म्हणतात. 2005 सालचे ‘नो फ्रिल्स’ खाते बाजूला करून ऑगस्ट 2012 मध्ये रिझर्व्ह बँकेने ही रचना आणली आणि ती देणे सर्व बँकांना बंधनकारक केले. यात किमान शिल्लक शून्य असते. पैसे भरण्यावर मर्यादा नाही, एटीएम कार्डाला वार्षिक शुल्क नाही, आणि महिन्यातून निदान चार वेळा पैसे काढणे मोफत असते. हे खाते फक्त गरिबांसाठी किंवा ग्रामीण भागासाठी आहे, असे काउंटरवर कधीकधी सांगितले जाते. ते खरे नाही. वय किंवा उत्पन्नाची अट घालू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट बजावले आहे. जनधन खाती याच जातीची असली तरी बीएसबीडी खाते जनधन योजनेबाहेरही कोणालाही उघडता येते.

गोंधळ होतो तो छोट्या खात्यामुळे. पूर्ण केवायसी नसताना उघडलेल्या छोट्या खात्यात 50,000 पेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि महिन्याला 10,000 पेक्षा जास्त काढता येत नाहीत. आधार आणि पॅन देऊन पूर्ण केवायसी केलेल्या बीएसबीडी खात्याला या मर्यादा नाहीत. कर्मचारी या मर्यादा सांगून परावृत्त करू लागला, तर तो छोट्या खात्याबद्दल बोलत आहे का, हे विचारावे.

रूपांतरासाठी मूळ शाखेत लेखी अर्ज द्यावा लागतो: ‘माझे बचत खाते क्रमांक अमुक हे मूलभूत बचत ठेव खात्यात रूपांतरित करावे.’ सोबत केवायसी कागदपत्रे, आणि इतर कोणत्याही बँकेत आपले बीएसबीडी खाते नाही असे घोषणापत्र. अर्जाच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेऊन ठेवावा. तोंडी विनंती विसरली जाते आणि पुढच्या महिन्याचा दंड तसाच लागतो. रूपांतराच्या दिवसापर्यंतचा थकीत दंड बँक आधी वसूल करू शकते, म्हणून लियन किती आहे ते त्याच वेळी पाहून घ्यावे.

या खात्याच्या बदल्यात काही गोष्टी सोडाव्या लागतात. त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. असेल तर ते तीस दिवसांत बंद करावे लागते. मुदत ठेव मात्र चालते. पूर्वी चार व्यवहारांच्या मर्यादेत डिजिटल व्यवहारही मोजून काही बँकांनी यूपीआयवर शुल्क लावले होते. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2025 मध्ये सुधारलेल्या नियमांत डिजिटल व्यवहार या मोजणीतून वगळले. रोख वारंवार काढणाऱ्याने मात्र चारचा आकडा ध्यानात ठेवावा. जुने डेबिट कार्ड महागड्या प्रकारचे असेल तर ते बदलले जाते, आणि त्या कार्डावर लावलेले आपोआप जाणारे हप्ते नव्याने जोडावे लागतात.

झिरो बॅलन्स म्हणून मिळालेले पगाराचे खाते ही वेगळीच बाब आहे. तिथली सवलत पगार येत असेपर्यंतच असते. नोकरी सुटली किंवा नव्या कंपनीने दुसऱ्या बँकेत खाते उघडले की, सलग काही महिने, बऱ्याच बँकांत तीन, पगार जमा न झाल्यास जुने खाते साध्या बचत खात्यात बदलते आणि किमान शिलकीची अट सुरू होते. जुने खाते विस्मरणात जाते आणि त्यात दंड साचत राहतो. नोकरी बदलताना ते खाते लगेच बंद करणे किंवा बीएसबीडीत बदलून घेणे हाच सरळ उपाय. बंद करण्याआधी त्या खात्याला जोडलेले म्युच्युअल फंडाचे हप्ते, विमा, गॅसचे अनुदान आणि भविष्य निर्वाह निधीचा बँक तपशील दुसरीकडे वळवावा लागतो.

सरकारी बँकांच्या खातेदारांना यातले बरेचसे करावे लागणार नाही. स्टेट बँकेने मार्च 2020 मध्ये आणि कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनी 2025 मध्ये साध्या बचत खात्यांवरचा हा दंड रद्द केला.

आगाऊ न कळवता लावलेला किंवा तुटीच्या प्रमाणात नसलेला दंड परत मागता येतो. आधी शाखेत किंवा बँकेच्या तक्रार निवारण विभागात लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर cms.rbi.org.in या संकेतस्थळावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार नोंदवता येते. तिथे दंडाची नोंद असलेले स्टेटमेंट, बँकेला दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत आणि बँकेचे उत्तर जोडावे.