संशोधन-सारांशाचे मौखिक रूपांतर
संशोधन-सारांशाचे मौखिक रूपांतर : संशोधनलेखाच्या आरंभी छापलेला संक्षिप्त सारांश श्रोत्यांपुढे बोलण्यासाठी स्वाभाविक बोलभाषेत नव्याने रचण्याची क्रिया. परिषदेतील निवेदन, नभोवाणीवरील भाषण, प्रशिक्षणवर्ग, ग्रामसभा अशा प्रसंगी तिची गरज पडते. हा अनुवाद नव्हे, कारण भाषा तीच राहते. हा संक्षेपही नव्हे, कारण बोलण्याचे रूप बहुधा मूळ सारांशापेक्षा लांब होते. वाक्ये आखूड करणे आणि काही शब्द व विधाने हेतुपूर्वक पुन्हा उच्चारणे ही या रूपांतराची दोन मुख्य साधने होत.

वाचन व श्रवण यांतील भेद : वाचकाला मागे वळता येते. एखादे वाक्य समजले नाही, तर तो त्यावरून पुन्हा नजर फिरवतो. श्रोत्याला ही सोय नसते. उच्चारलेला शब्द निघून गेलेला असतो. म्हणून वाचकाची नजर जे काम मागे जाऊन करते, तेच काम श्रोत्यासाठी वक्त्याने पुनरुक्तीने करावयाचे असते. मराठीत ही अडचण विशेष जाणवते. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि विशेषणात्मक उपवाक्ये नामाच्या आधी येतात. ‘रुग्णालयात न पोहोचणाऱ्या, घरीच जन्मलेल्या, जंतुदोष झालेल्या अर्भकांवर’ असे ऐकताना ‘अर्भकांवर’ हा शब्द येईपर्यंत सर्व विशेषणे निराधार लटकत राहतात. छापील पानावर नजर पुढे धावून नाम गाठते. कानाला मात्र वाट पाहावी लागते.

पुनरुक्ती हा संस्कृत काव्यशास्त्रात दोष मानला गेला आहे. तथापि मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ओळखण्याची जी सहा लक्षणे सांगितली, त्यांत ‘उपक्रम-उपसंहार’ आणि ‘अभ्यास’ म्हणजे पुनःपुन्हा कथन यांचा समावेश आहे. जे आरंभी व अखेरीस येते आणि मध्येही परत परत येते, ते ग्रंथाचे तात्पर्य होय. श्रोताही नकळत याच नियमाने ऐकतो. त्यामुळे कशाची पुनरुक्ती करावयाची याची निवड म्हणजे तात्पर्याचीच निवड ठरते.

उदाहरणार्थ घेतलेला सारांश : गडचिरोली जिल्ह्यात अभय बंग, राणी बंग व त्यांचे सहकारी यांनी गृहाधारित नवजात-सेवेची क्षेत्रचाचणी केली व तिचा वृत्तांत १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच्या सारांशातील मुख्य आशय ग्रांथिक मराठीत असा मांडता येईल :

‘रुग्णालये दूर व खर्चिक असल्याने विकसनशील देशांतील बहुसंख्य नवजात अर्भकांना उपलब्ध न होणाऱ्या उपचारांना पर्याय म्हणून विकसित केलेल्या, जंतुदोषाच्या उपचारांचाही अंतर्भाव असलेल्या गृहाधारित सेवेची चाचणी, दोन वर्षांच्या (१९९३–९५) पायाभूत नोंदींनंतर, ३९ सेवाप्राप्त व ४७ तुलनात्मक गावांमध्ये तीन वर्षे (१९९५–९८) घेण्यात आली. आरंभी दर हजार जिवंत जन्मांमागे अनुक्रमे ६२ व ५८ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी अनुक्रमे २५·५ व ५९·६ झाला. निव्वळ घट ६२·२ टक्के आढळली. जंतुदोषग्रस्त अर्भकांतील मृत्यूचे प्रमाण १६·६ टक्क्यांवरून २·८ टक्क्यांवर आले.’

हा मजकूर वाचण्यास योग्य आहे. पण तसाच मोठ्याने म्हटल्यास तो तीन ठिकाणी अडतो. पहिल्या वाक्यातील ‘घेण्यात आली’ हे क्रियापद येईपर्यंत गावे, वर्षे व कारणे यांचा मोठा भार श्रोत्याला धरून ठेवावा लागतो. दुसरे म्हणजे ‘अनुक्रमे’ हा शब्द केवळ डोळ्यांसाठी आहे. तो वाचकाला मागील जोडीकडे परत पाठवतो. श्रोत्याला तेथे जाता येत नाही. तिसरी अडचण सर्वांत फसवी आहे. बासष्ट हा आकडा येथे दोनदा येतो, एकदा हजारी मृत्युदर म्हणून आणि एकदा शेकडा घट म्हणून. पानावर ‘टक्के’ हा शब्द दोहोंना वेगळे ठेवतो, पण कानात दोन्ही बासष्ट एकमेकांत मिसळतात.

रूपांतराची पद्धती : प्रथम सारांशातील एकच मुख्य विधान निश्चित करतात. येथे ते असे : सेवा मिळालेल्या गावांत मृत्यू निम्म्याहून अधिक घटले आणि न मिळालेल्या गावांत ते होते तसेच राहिले. विधानाचे हे दोन्ही भाग अविभाज्य आहेत. नंतर लांब वाक्ये फोडून प्रत्येक वाक्यात एकच क्रिया ठेवतात. ‘घेण्यात आली’ यासारख्या कर्मणी रचनेऐवजी कोणी काय केले ते सांगतात. एका वस्तूला आरंभापासून अखेरपर्यंत एकच नाव देतात. लेखनात ‘अर्भक’, ‘नवजात’, ‘बालक’ असे पर्याय शोभून दिसतात, पण श्रोत्याला ती तीन निरनिराळी मुले वाटू शकतात. याच कारणाने ‘ते’, ‘त्यांना’ अशा सर्वनामांच्या जागी नामच पुन्हा उच्चारणे हितावह ठरते. आकडे कमी करून जवळच्या पूर्णांकात सांगतात व तुलनेचे दोन्ही आकडे एकाच परिमाणात ठेवतात. या रीतीने वरील सारांशाचे पुढील रूप मिळते :

‘बाळ जन्मले, की पहिले अठ्ठावीस दिवस त्याला नवजात म्हणतात. या अठ्ठावीस दिवसांत पुष्कळ बाळांना दवाखाना मिळत नाही. दवाखाना लांब असतो. दवाखाना महाग असतो. मग प्रश्न असा, की बाळाला घरीच वाचवता येईल का?

‘हा प्रश्न गडचिरोली जिल्ह्यात तपासून पाहिला. एकीकडे एकोणचाळीस गावे घेतली. या गावांतल्या स्त्रियांना शिकवून तयार केले आणि त्या घरोघर गेल्या. बाळ श्वास घेत नसेल, बाळ गार पडले असेल, बाळ नीट पीत नसेल, तर त्यांनी घरीच उपाय केला. बाळाला जंतुदोष झाला, तर त्यांनी तो ओळखला आणि घरीच औषध दिले. दुसरीकडे सत्तेचाळीस गावे घेतली. या गावांत ही घरची सेवा नव्हती. पण जन्म आणि मृत्यू मात्र दोन्हीकडे नोंदवले.

‘आता काय झाले ते ऐका. सुरुवातीला दोन्हीकडे सारखेच होते. हजार बाळे जन्मली, तर हजारांतली साठच्या आसपास दगावत. दोन्हीकडे साठच्या आसपास. मग तीन वर्षे गेली. जिथे घरची सेवा नव्हती, तिथे हजारांतली साठच्या आसपासच दगावत राहिली. जिथे घरची सेवा होती, तिथे हजारांतली पंचवीस-सव्वीस दगावली. साठची पंचवीस-सव्वीस झाली, पण फक्त जिथे घरची सेवा होती तिथे.

‘जंतुदोषाचेही तसेच. आधी जंतुदोष झालेल्या शंभर बाळांतली सोळा-सतरा दगावत. घरी औषध मिळू लागल्यावर शंभरांतली तीन दगावली. म्हणून उत्तर असे, की गडचिरोलीच्या या गावांत, शिकवलेल्या स्त्रिया आणि त्यांच्यावर दर पंधरवड्याला देखरेख असताना, बाळांना घरीच वाचवता आले.’

पुनरुक्तीचे प्रकार : वरील उतारा पाहता तीन प्रकारची पुनरुक्ती आढळते. ‘दवाखाना’, ‘बाळ’, ‘हजारांतली’ ही शब्दांची पुनरुक्ती सर्वनामाची व परिमाणाची संदिग्धता टाळते. ‘एकीकडे–दुसरीकडे’, ‘जिथे होती–जिथे नव्हती’ ही रचनेची पुनरुक्ती होय. ती ‘अनुक्रमे’ या शब्दाचे काम करते आणि तुलना कानाला स्पष्ट करते. ‘घरीच वाचवता येईल का’ या प्रश्नाला अखेरीस ‘घरीच वाचवता आले’ असे त्याच शब्दांत दिलेले उत्तर ही विधानाची पुनरुक्ती असून तिच्यामुळे उपक्रम व उपसंहार जुळतात. जंतुदोषाचा आकडा मात्र एकदाच सांगितला आहे. तो दुय्यम मुद्दा असून सर्वच मुद्दे सारख्या आग्रहाने पुन्हा सांगितल्यास श्रोत्याला मुख्य मुद्दा निवडता येत नाही.

मर्यादा व दोष : वाक्य आखूड करताना पहिला बळी जातो तो अटींचा. ‘पुष्कळ बाळांना’ याचे ‘बाळांना’ झाले किंवा ‘देखरेख असताना’ हे शब्द गळले, तर वाक्य सुटसुटीत होते; पण विधान मुळापेक्षा मोठे होते. तुलनेची सत्तेचाळीस गावे वगळणे हा सर्वांत गंभीर दोष होय. ‘साठची पंचवीस झाली’ एवढेच ऐकणाऱ्याला ही घट काळाच्या ओघात सर्वत्रच झाली नसेल कशावरून, हे कळण्यास मार्ग उरत नाही. या चाचणीत गावे चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलेली नव्हती. हेही जाणकार श्रोत्यांसमोर एका स्वतंत्र वाक्यात सांगावे लागते. दुसरा दोष संबंधदर्शक शब्द गाळण्याचा. ‘पण’, ‘म्हणून’, ‘तर’, ‘मग’ हे शब्द आखूड वाक्यांना जोडून ठेवतात. ते गेल्यास निवेदन सुट्या घोषणांसारखे भासते. विश्वासमर्यादा, संभाव्यता-मूल्ये, औषधांच्या मात्रा यांसारखा तपशील मौखिक रूपात नीट टिकत नाही. तो छापील कागदावर हाती देणेच इष्ट असते.

परीक्षण : रूपांतर प्रथम मोठ्याने वाचून पाहतात, मध्येच श्वास घ्यावा लागला, तर वाक्य तेथे फोडतात. त्यानंतर विषय न जाणणाऱ्या व्यक्तीस ते एकदाच ऐकवून तिच्याकडून परत सांगवून घेतात. तिच्या कथनात प्रश्न, दोन प्रकारची गावे, बदलाची दिशा व प्रमाण आणि उत्तराची अट ही चारही अंगे यावयास हवीत. ‘शंभरांतली साठ बाळे दगावत’ असे ती म्हणाली, तर ‘हजारांतली’ या शब्दाची पुनरुक्ती अपुरी पडली असे समजावे. ‘घरी उपचार केला, की बाळ वाचते’ एवढेच म्हणाली, तर अट ऐकू आलेली नाही. शेवटी मौखिक रूपातील प्रत्येक विधान मूळ सारांशाशी ताडून पाहतात; मुळात नसलेले एकही विधान त्यात राहता कामा नये.

भारत सरकारने २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत गृहाधारित नवजात-सेवा देण्याचे धोरण स्वीकारले. अशा सेवेत काम करणाऱ्या स्त्रीला व बाळाच्या आईला संशोधनाचा निष्कर्ष मुख्यतः बोलण्यातूनच पोहोचतो. तेथे गळलेली अट किंवा चुकीचा ऐकलेला आकडा प्रत्यक्ष उपचारात उतरू शकतो. म्हणून बोलीचा सुटसुटीतपणा आणि मूळ विधानाची मर्यादा ही दोन्ही राखणे हीच या रूपांतराची कसोटी ठरते.