आठचं भोक पावणेआठ का येतं?

थ्रीडी प्रिंटरवर ८ मिलिमीटरचं भोक असलेला तुकडा छापला, तर त्यात ८ मिलिमीटरची दांडी सहसा जात नाही. भोक पावणेआठच्या आसपास उतरलेलं असतं. ते ८ करायला अख्खं मॉडेल तीन टक्क्यांनी वाढवलं, तर दांडी बसते खरी, पण १०० मिलिमीटरची पट्टी १०३ ची होते.

इथे दोन वेगळ्या चुका एकत्र आलेल्या असतात. प्लास्टिक थंड होताना आकसतं. हा आकस टक्केवारीत असतो, म्हणजे वस्तू मोठी तर घटही मोठी. भोकाचं दुखणं निराळं. नोझल गोल फिरताना मऊ धागा वळणाच्या आतल्या बाजूला ओढला जातो, त्यामुळे भोक लहान असो वा मोठं, घट जवळपास तेवढीच राहते.

दोन्ही चुका सुट्या करायला एक चाचणीपट्टी छापावी. लांबी १०० मिलिमीटर, त्यात ३, ५, ८ आणि १२ ची भोकं, शिवाय ३, ५ आणि ८ रुंदीच्या खाचा. समजा, पीएलएची पट्टी ९९.८ भरली. म्हणजे आकस फक्त ०.२ टक्के. भोकं मात्र २.७५, ४.७५, ७.७५ आणि ११.७ आली, तर प्रत्येकात सुमारे पाव मिलिमीटर कमी पडतंय. खाचांच्या भिंती सरळ असल्याने तिथली घट कमी, समजा ०.१५. `OpenSCAD` मध्ये दुरुस्ती अशी लिहिता येते:

```
k = 1.002;
hole = 0.25;
slot = 0.15;
d = 8*k + hole;  // 8.266
w = 5*k + slot;  // 5.16
```

यातून मापाबरहुकूम भोक मिळतं. दांडी सहज सरकायला हवी असेल, तर ती ढील वेगळी धरावी, दुरुस्तीत मिसळू नये.

आकडे मात्र खरे हवेत. व्हर्निअरचे आतले जबडे लहान भोकात नीट टेकत नाहीत आणि माप कमी दाखवतात. त्यापेक्षा ड्रिल बिटची गुळगुळीत दांडी घालून पाहावी. पहिला थर दाबला जाऊन पसरतो, म्हणून ती वरच्या बाजूने घालावी. मॉडेलमधलं वर्तुळ मुळात बहुकोन असतं, हेही पाहावं. १२ बाजूंचं ८ मिलिमीटरचं वर्तुळ समोरासमोरच्या बाजूंमध्ये ७.७३ च भरतं, म्हणजे प्रिंटर सुरू होण्याआधीच पाव मिलिमीटर गेलेला असतो. `$fn = 96` दिलं की हा फरक नगण्य होतो.

हे आकडे त्या प्लास्टिकपुरते, त्या नोझलपुरते आणि उभ्या भोकांपुरतेच. आडव्या भोकाचं छत खाली लोंबतं. त्याची पट्टी आडवीच छापून मोजावी लागते.