लिंबाचं कर्ड: भुर्जी न होऊ देता

नावातल्या ‘कर्ड’ला दचकू नका. आपल्याकडे या इंग्रजी शब्दाचा अर्थ दही असा होतो, पण या पदार्थात दह्या-दुधाचा थेंबही नसतो. लिंबाचा रस, साखर, अंडी आणि लोणी एवढंच शिजवून केलेलं हे आंबटगोड, मऊसूत मलम पावाला, बिस्किटाला लावून खातात. गरम पोळीवरसुद्धा छान लागतं. करायला सोपं, पण निम्म्याजणींची तक्रार एकच, “अहो, अंड्याची भुर्जी झाली!” आणि मग दोष जातो गॅसला. माझ्या मते तो बऱ्याचदा प्रमाणाचा असतो.

इंग्रजी पुस्तकांतलं प्रमाण तिकडच्या मोठ्या, जाड सालीच्या लिंबांचं असतं. “चार लिंबं” वाचून आपण वेरूळच्या बाजारातली चार कागदी लिंबं घेतली, तर रस भरतो निम्माही नाही. शिवाय आपलं कागदी लिंबू त्या लिंबापेक्षा जास्त आंबट. म्हणून लिंबं मोजू नयेत, रस मोजावा. हस्त बहाराची लिंबं उन्हाळ्यात येतात, महाग असतात आणि उन्हाने सुकली की रसही कमी देतात. पातळ सालीची, हाताला जड लागणारी निवडावीत.

आता साखर. साखर फक्त गोडीसाठी असते असं वाटून “आमच्याकडे गोड कमी खातात” म्हणत ती निम्म्यावर आणली जाते, आणि इथेच घोटाळा होतो. अंडं तापलं की गोठतं. साखर ते गोठणं लांबवते, तर आंबटपणा ते लवकर घडवून आणतो. साखर कमी आणि रस जास्त असला, की कर्ड दाट व्हायला आणि त्याची भुर्जी व्हायला मधे वेळच उरत नाही.

मला जमलेलं प्रमाण असं: पाऊण वाटी, म्हणजे ७५ मिलिलिटर गाळलेला रस (पाच-सहा लिंबं लागतात), १२५ ग्रॅम साखर, दोन अंडी आणि एका अंड्याचा जास्तीचा बलक, ६० ग्रॅम बिनमिठाचं लोणी. घरचं लोणी चालतं, फक्त ताक निघेपर्यंत पाण्याने धुवून घ्यावं. एका लिंबाची वरची साल अगदी हलक्या हाताने किसून घालावी. पांढरा भाग आला की कडवटपणा आलाच. एवढ्यात मुरंब्याची एक बरणी भरते. आणखी आंबट हवं असेल, तर साखर १०० ग्रॅमवर आणावी; त्याखाली मी जात नाही.

भांडं स्टीलचंच हवं. ॲल्युमिनियमचं किंवा कल्हई गेलेलं पितळेचं घेतलं, तर आंबटामुळे धातूची चव उतरते. त्यात अंडी, बलक आणि साखर आधी एकजीव करा. बलकावर साखर नुसती ओतून दुसऱ्या कामाला लागू नका, कारण बलक सुकून त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत विरघळत नाहीत. मग रस आणि साल घाला.

दुसऱ्या पातेल्यात दोन बोटं पाणी तापवा. ते खदखदता कामा नये, आणि वरच्या भांड्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये. भांडं वर ठेवून लाकडी चमच्याने तळ आणि कडा खरवडत सतत ढवळा. सुरुवातीला वर फेस असतो आणि दहा मिनिटं काहीच होत नाहीसं वाटतं. इथे कंटाळून आच वाढवू नये. फेस विरला, चमचा जड लागू लागला, की वेळ जवळ आली. चमच्याच्या पाठीवर थर बसतो. त्यावर बोटाने रेघ ओढावी. ती मोडून न येता तशीच राहिली, की लगेच उतरवा. पातळ वाटलं तरी उतरवाच, कारण गार झाल्यावर ते बरंच घट्ट होतं. थर्मामीटर असेल त्यांनी ७७ ते ८० अंशांवर थांबावं; उकळी तर कधीच येऊ देऊ नये.

उतरवल्या उतरवल्या गार लोण्याचे तुकडे घालून ढवळा. लोण्याने चव येतेच, शिवाय भांड्यातली उष्णता ते ओढून घेतं आणि शिजणं थांबतं. मग बारीक गाळणीतून गाळा. कितीही जपलं तरी पांढऱ्याचा एखादा धागा गोठतोच. साल आणि तो दोन्ही गाळणीत राहतात.

ढवळताना बारीक रवाळपणा दिसला, तर भांडं तत्काळ थंड पाण्याच्या परातीत ठेवून फेटा आणि गाळा, बहुधा वाचतं. मात्र मोठे गोळे झाले आणि आमलेटचा वास आला, तर ते गेलं. काहीजणी चमचाभर कॉर्नफ्लोअर घालतात. त्याने भुर्जीची भीती कमी होते खरी, पण जिभेवर पिठूळपणा उरतो. मला तो आवडत नाही.

साखर आणि आंबट असलं तरी हा मुरंबा नव्हे, बाहेर टिकत नाही. कोरड्या, उकळत्या पाण्याने धुतलेल्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, चमचा कोरडाच घाला आणि आठवड्याभरात संपवा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात वीज तासन्‌तास जात असेल, तर अर्ध्या प्रमाणात करून दोन दिवसांत संपवलेलं बरं.