आखातातून कायमचे परतताना : कमाई तिकडची, कर कुठला?

वर्षानुवर्षे परदेशात राबून माणूस गावी परततो तेव्हा घरच्यांना त्याच्या येण्याचा आनंद असतो आणि त्याला स्वतःला पुढची काळजी. घराचे राहिलेले काम, मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, एखादे दुकान टाकायचा विचार. या सगळ्यात एक प्रश्न हमखास मागे राहतो. तिकडे कमावलेल्या आणि अजून तिकडेच असलेल्या पैशावर इथे आयकर लागतो का? कोणी म्हणते, ‘आता तुम्ही भारतात आलात, सगळ्यावर कर.’ कोणी म्हणते, ‘परदेशातला पैसा आहे, त्याला कोण विचारतो?’ दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. खरे उत्तर ठरते ते पासपोर्टवरच्या तारखांवरून.

आयकर कायदा माणसाचे नागरिकत्व पाहत नाही, तो भारतात किती दिवस राहिला ते पाहतो. १ एप्रिल ते ३१ मार्च हे वर्ष धरून दर वर्षी नव्याने मोजणी होते. तिच्यातून तीन प्रकार निघतात. पहिला अनिवासी. त्याला फक्त भारतातल्या उत्पन्नावर कर. तिसरा पूर्ण रहिवासी. त्याला जगात कुठेही मिळालेल्या उत्पन्नावर इथे कर. या दोघांच्या मधला प्रकार बहुतेकांना ठाऊकच नसतो. तो म्हणजे ‘रहिवासी, पण सामान्य रहिवासी नाही’. कर सल्लागार त्याला आरएनओआर म्हणतात. या माणसाच्या परदेशातल्या उत्पन्नावर, काही अपवाद सोडले तर, भारतात कर लागत नाही. दीर्घकाळ बाहेर राहून आलेल्याला कायद्याने दिलेली ही सवड आहे.

हे एका उदाहरणातून पाहू. राधानगरी तालुक्यातले एक गृहस्थ नोव्हेंबर २००९ मध्ये शारजाला गेले, तिथे एसी दुरुस्तीच्या कंपनीत सोळा वर्षे नोकरी केली आणि २० नोव्हेंबर २०२५ रोजी कायमचे परतले, असे धरू. दर वर्षी ते सुमारे ४५ दिवस सुट्टीवर यायचे. परतीच्या वर्षी मात्र आधी सुट्टी घेतली नव्हती.

आता २०२५-२६ या वर्षाचे दिवस मोजू. नोव्हेंबरचे ११, डिसेंबर आणि जानेवारीचे ३१-३१, फेब्रुवारीचे २८ आणि मार्चचे ३१. एकूण १३२. वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात राहिला तर माणूस रहिवासी होतो. ही अट इथे लागू होत नाही. पण दुसरी एक अट आहे. वर्षात ६० किंवा जास्त दिवस आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ किंवा जास्त दिवस भरले तरीही माणूस रहिवासी ठरतो. सुट्टीवर भेटीला येणाऱ्या भारतीय नागरिकाला या ६० दिवसांच्या अटीतून बरीच मोकळीक आहे, कायमचे परतणाऱ्याला ती नाही. म्हणून ही अट तपासावीच लागते. आपल्या गृहस्थांचे ६० दिवस भरले, पण आधीच्या चार वर्षांत ते ४५ च्या हिशेबाने १८० दिवसच इथे होते. म्हणजे २०२५-२६ मध्ये ते अनिवासी. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंतचा तिकडचा पगार इथल्या कराबाहेर राहिला.

पुढचे वर्ष २०२६-२७. आता ते पूर्ण वर्ष गावीच आहेत, म्हणून रहिवासी. इथे दुसरा प्रश्न येतो : पूर्ण रहिवासी की मधल्या प्रकारातले? त्यासाठी मागे पाहायचे. आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षे अनिवासी असाल, किंवा आधीच्या सात वर्षांत मिळून ७२९ किंवा त्याहून कमी दिवस भारतात असाल, तर तुम्ही मधल्या प्रकारात. दोन्हींपैकी एक अट पुरे. हे गृहस्थ दहाही वर्षे अनिवासी होते. २०२७-२८ मध्येही मागच्या दहापैकी नऊ वर्षे अनिवासीच भरतात. २०२८-२९ मध्ये मात्र दहापैकी आठच उरतात. सात वर्षांचे दिवस मोजले तर सुट्ट्यांचे १८०, परतीच्या वर्षाचे १३२ आणि गावी काढलेल्या दोन वर्षांचे ७३१, मिळून १०४३. दोन्ही अटी सुटल्या. त्या वर्षापासून ते पूर्ण रहिवासी.

म्हणजे परतल्यानंतर ३१ मार्च २०२८ पर्यंत त्यांना सवड आहे. हेच गृहस्थ १ सप्टेंबर २०२५ ला आले असते तर त्या वर्षी त्यांचे २१२ दिवस भरून ते लगेच रहिवासी झाले असते. मधला प्रकार मिळाल्यामुळे तिकडच्या पगारावर तेव्हाही कर लागला नसता, पण सवड एक वर्ष आधीच, ३१ मार्च २०२७ ला संपली असती. तिकीट काढण्यापूर्वी हा हिशेब एकदा मांडावा, तो याचसाठी. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असून त्यात ‘कर वर्ष’ असा शब्द आला आहे. दिवस मोजण्याचे हे नियम मात्र तेच राहिले आहेत.

आता पैशाकडे वळू. नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी ही बहुतेकांची सर्वात मोठी एकरकमी कमाई असते. अमिरातीच्या कायद्यात पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा मूळ पगार मिळतो. आपल्या गृहस्थांचा मूळ पगार २००० दिरहम धरला तर पाच वर्षांचे १०५ दिवस आणि अकरा वर्षांचे ३३० दिवस, मिळून ४३५ दिवसांचे २९,००० दिरहम होतात. ही रक्कम अनिवासी किंवा मधल्या प्रकारात असताना तिकडच्या खात्यात जमा झाली आणि नंतर त्यांनी ती गावी पाठवली, तर तिच्यावर इथे कर नाही. स्वतःची आधीच मिळालेली कमाई इकडे आणणे हे नवे उत्पन्न नसते.

गडबड होते ती वेगळ्याच ठिकाणी. माणूस घाईने तिकडचे बँक खाते बंद करून येतो आणि कंपनी राहिलेला हिशेब थेट त्याच्या भारतातल्या खात्यात पाठवते. उत्पन्न पहिल्यांदाच भारतात हाती आले तर ते ‘भारतात मिळालेले’ धरले जाऊ शकते आणि त्यावर सवड चालत नाही. म्हणून शेवटचा पैसा जमा होईपर्यंत तिकडचे खाते चालू ठेवावे आणि हिशेबाचा कागद जपून ठेवावा.

दुसरा अपवाद धंद्याचा. कोणी तिकडे स्वतःच्या नावावर गॅरेज किंवा दुकान ठेवून येतो आणि माल कुठून घ्यायचा, कामगार कोण ठेवायचा हे सगळे राधानगरीत बसून फोनवर ठरवतो. धंद्याचा कारभार भारतातून चालत असेल तर मधल्या प्रकारातही त्या नफ्यावर इथे कर लागतो.

सर्वात जास्त चुका होतात त्या एनआरई खात्यात. आयकराचे घड्याळ वर्षभराचे दिवस मोजते. परकीय चलनाचा कायदा, म्हणजे फेमा, हेतू पाहतो. कायमचे राहण्यासाठी आलात की त्या दिवसापासून त्याच्या दृष्टीने तुम्ही भारतातले रहिवासी. एनआरई खात्याच्या व्याजाची करमाफी या दुसऱ्या घड्याळाला बांधलेली आहे. म्हणून आपले गृहस्थ २०२५-२६ मध्ये आयकरासाठी अनिवासी असले तरी २० नोव्हेंबरपासूनचे एनआरई व्याज करपात्र आहे. बँक स्वतःहून सांगत नाही, कारण तुम्ही परतलात हे तिला ठाऊक नसते. आल्यावर लवकरात लवकर बँकेला लेखी कळवून ते खाते रहिवासी खात्यात बदलून घ्यावे, किंवा पैसा परकीय चलनातच ठेवायचा असेल तर आरएफसी खाते उघडावे. आरएफसीवरचे व्याज मधल्या प्रकारात असेपर्यंत करमुक्त असते.

आपल्यापैकी अनेक जण व्याज स्वतःसाठी वापरत नाहीत, ते वेगळे काढून टाकतात. तरीही ते खात्यावर जमा झाले की आयकर खात्याच्या लेखी तुमचेच उत्पन्न असते आणि बँकेकडून त्याची नोंद विभागाकडे जाते. ते विवरणपत्रात दाखवावेच लागते.

विवरणपत्र भरतानाही काळजी हवी. आयटीआर-१ हा सोपा फॉर्म फक्त पूर्ण रहिवाशासाठी आहे. मधल्या प्रकारातल्या माणसाचा तो भरला गेला तर त्याने स्वतःच्याच सहीने सवड सोडल्यासारखे होते. धंद्याचे उत्पन्न नसेल तर त्याच्यासाठी आयटीआर-२ आहे आणि त्यात आरएनओआर हा पर्याय निवडावा लागतो. मधल्या प्रकारातला माणूस रहिवासीच असल्यामुळे नव्या कर पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर मिळणारी करसूटही त्याला मिळते. अनिवासीला ती मिळत नाही.

पूर्ण रहिवासी झाल्यावर मात्र चित्र बदलते. तिकडच्या खात्यावरचा नफा, भाडे, सगळे इथे करपात्र. अमिरातीत पगारावर किंवा घरभाड्यावर व्यक्तीला आयकर नसल्याने इथल्या करातून वजा करायला तिकडचा करही नसतो. शिवाय परदेशातले प्रत्येक खाते आणि मालमत्ता विवरणपत्राच्या ‘शेड्यूल एफए’मध्ये दाखवणे सक्तीचे होते, उत्पन्न करमर्यादेखाली असले तरी. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्थावर सोडून बाकी परदेशी मालमत्ता मिळून २० लाखांच्या आत असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून सूट आहे, पण दाखवण्याची सक्ती तशीच आहे. विसरलेले जुने खाते बंद करायचे तर ते सवडीच्या काळातच उरकावे.

या सगळ्याचा पुरावा एकच, तारखा. नवा पासपोर्ट मिळाला की जुना अडगळीत जातो, आणि दहा वर्षांचा हिशेब त्यातच असतो. स्वयंचलित गेटमधून गेल्यास शिक्काही उमटत नाही, म्हणून तिकिटे आणि बोर्डिंग पासही ठेवावेत. एका वहीत प्रत्येक फेरीची येण्याची आणि जाण्याची तारीख लिहावी, आणि सावधगिरी म्हणून दोन्ही दिवस भारतातले धरावेत. पत्नी सोबत राहत असेल तर तिची मोजणी वेगळी, कारण हा दर्जा कुटुंबाचा नसून प्रत्येक व्यक्तीचा असतो. ती वही आणि दोन्ही पासपोर्ट घेऊन कोल्हापुरातल्या एखाद्या जाणकार सनदी लेखापालाकडे गेलात, तर तुमच्या सवडीची शेवटची तारीख तिथल्या तिथे निघेल.