ज्येष्ठमधाची गोडी, रक्तदाबाची कडू गोष्ट

आमच्या मामांचा गळा भजनाचा. कार्तिकात काकड आरती सुरू झाली, की घसा बसू नये म्हणून काष्ठौषधीवाल्याकडून ज्येष्ठमधाच्या काड्या येत. आयुर्वेदात हिलाच यष्टिमधु म्हणतात. काडी दाढेखाली धरली, की गोड रस घशाला लेप दिल्यासारखा उतरतो आणि कोरडी ढास थांबते. हा गुण खराच आहे.

त्या वर्षी मात्र मामांनी काडीच्या जोडीला चूर्णही सुरू केले. सकाळ-संध्याकाळ मधातून, असे महिनाभर. रक्तदाबाची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी त्यांना आधीपासूनच होती. पुढे पायांवर सूज आली. घोट्याजवळ बोटाने दाबले, तर खळगा राही. जिना चढताना मांड्यांत बळ उरेना. रक्तदाब निघाला १८० वर १००. मी म्हटले, "मामा, गोळ्या चुकवता का?" ते रागावलेच.

डॉक्टरांनी गोळी वाढवण्याआधी रक्त तपासले. पोटॅशियम २.८, ते साडेतीनच्या खाली नसावे. मग त्यांनी विचारले, "काका, घरचे काही औषध घेता का?" मामा म्हणाले, "औषध कसले, नुसते ज्येष्ठमध!"

उत्तर तिथेच होते. ज्येष्ठमधाला गोडी देणारे द्रव्य म्हणजे ग्लिसरायझिन. आपल्या शरीरातील कॉर्टिसॉल या संप्रेरकाला मूत्रपिंडात एक विकर निष्क्रिय करते. ग्लिसरायझिनपासून पोटात तयार होणारे द्रव्य या विकरालाच अडवते. मग मोकळे राहिलेले कॉर्टिसॉल मूत्रपिंडाला मीठ-पाणी राखायला लावते आणि पोटॅशियम बाहेर टाकायला लावते. सूज, वाढलेला रक्तदाब आणि पायांतला अशक्तपणा, तिन्ही त्यातूनच आले. लघवीच्या गोळीनेही पोटॅशियम जात होते, म्हणून घसरण दुहेरी झाली. ते फारच उतरले, तर हृदयाचे ठोके बिघडतात.

प्रमाणाचा हिशेब करून पाहू. युरोपातील तज्ज्ञ समितीने २००३ साली रोजची मर्यादा १०० मिलिग्रॅम ग्लिसरायझिन अशी ठेवली. मुळात ते शेकडा ४ धरले, तर ३ ग्रॅम चूर्णात १२० मिलिग्रॅम होते. म्हणजे सपाट चमचाभर चूर्णातच मर्यादा ओलांडली! शिवाय प्रत्येक मुळात ते सारखे नसते, आणि काहींना याहून कमीही बाधते.

मामांचे चूर्ण आणि काडी दोन्ही बंद झाले, पोटॅशियमचे औषध मिळाले. सूज आठवड्यात उतरली. रक्तदाब जाग्यावर यायला मात्र तीन आठवडे गेले, कारण हा परिणाम लगेच ओसरत नाही.

निरोगी माणसाने घसा बसल्यावर दोन-चार दिवस काडी चघळली, तर सहसा बिघडत नाही. पण रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तिच्या वाटेला जाऊ नये. खोकल्याच्या औषधावर 'यष्टिमधु' किंवा 'मुलेठी' लिहिले आहे का, तेही पाहावे. मामा आता कोमट मीठपाण्याच्या गुळण्या करतात आणि ते पाणी न विसरता थुंकतात. काकड आरतीला आवाज पूर्वीसारखाच लागतो.