एका क्रमांकाला एकच खुर्ची

नाट्यगृहातल्या खुर्च्यांना क्रमांक घालताना दोन चुका होऊ शकतात. दोन खुर्च्यांवर एकच क्रमांक पडला, तर पडदा वर जाण्याआधीच भांडण सुरू होते. तिकीटपुस्तकात छापलेल्या एखाद्या क्रमांकाची खुर्चीच नसली, तर तो प्रेक्षक तिकीट हातात धरून उभाच राहतो. प्रत्येक खुर्चीला एक ठरावीक क्रमांक देणारा नियम म्हणजे गणितातले ‘फल’, कॉलेजच्या भाषेत फंक्शन. पहिली चूक नसेल तर ते फल ‘एकास एक’, दुसरी नसेल तर ‘आच्छादक’. वर्गात यांनाच वन-वन आणि ऑन्टू म्हणतात. दोन्ही गुण असले की ते बायजेक्शन.

नाट्यगृह लहान असेल तर खुर्च्या मोजून खात्री करता येते. पण रांगा अनंत असतील आणि प्रत्येक रांगेत खुर्च्याही अनंत असतील, तर? मोजणी तिथे संपणारच नाही, सिद्धताच हवी. रांगांना 0, 1, 2, 3… असे क्रमांक देऊ, रांगेतल्या खुर्च्यांनाही तसेच. तिकीटपुस्तकात 1 पासून पुढचे सगळे पूर्णांक आहेत. m व्या रांगेतल्या n व्या खुर्चीला कोणता क्रमांक द्यायचा?

m + n + 1 देऊन पाहू. कोणताही क्रमांक k घ्या. शून्याव्या रांगेतली k − 1 वी खुर्ची त्याच्यासाठी तयार आहे. म्हणजे नियम आच्छादक आहे. पण रांग 0, खुर्ची 1 आणि रांग 1, खुर्ची 0 या दोघींनाही 2 हाच क्रमांक मिळतो. नियम एकास एक नाही, हे दाखवायला अशी एक जोडी पुरते.

आता 2ᵐ × 3ⁿ पाहू. संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, त्यामुळे दोन खुर्च्यांचा क्रमांक कधीच जुळणार नाही. पण 5 क्रमांकाचा प्रेक्षक उभाच राहील, कारण 2 आणि 3 च्या गुणाकारातून 5 येत नाही.

दोन्ही अडचणी दूर करणारा नियम हा:

f(m, n) = 2ᵐ × (2n + 1)

शून्याव्या रांगेत 1, 3, 5, 7… येतात. पहिलीत 2, 6, 10, 14…. दुसरीत 4, 12, 20, 28…

हा नियम एकास एक आहे हे कसे सिद्ध करायचे? समजा, (m, n) आणि (p, q) या खुर्च्यांना एकच क्रमांक मिळाला: 2ᵐ(2n + 1) = 2ᵖ(2q + 1). m हा p पेक्षा मोठा असेल, तर दोन्ही बाजूंना 2ᵖ ने भागा. डावी बाजू सम राहते, उजवी विषम. हे अशक्य. p मोठा असला तरी हीच गत. म्हणून m = p, आणि मग n = q. खुर्ची एकच होती.

इथे विद्यार्थी हमखास उलटे चालतात. ‘खुर्ची एकच आहे, म्हणून क्रमांकही एकच’ असे लिहून ते सिद्धता संपवतात. पण हे तर प्रत्येक फलाला लागू असते. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. सुरुवात समान क्रमांकांपासून करायची आणि समान खुर्चीपाशी पोहोचायचे.

आच्छादकतेसाठी कोणताही एक क्रमांक हाती घेऊन त्याची खुर्ची शोधून दाखवावी लागते. समजा, 1960 घेतला. निम्मे करत जाऊ: 980, 490, 245. तीन वेळा निम्मे केल्यावर विषम संख्या आली, म्हणून रांग 3. आणि 245 = 2 × 122 + 1, म्हणून खुर्ची 122. अर्थात, एका उदाहरणाने सिद्धता होत नाही. पण ही कृती प्रत्येक क्रमांकाला चालते: निम्मे करताना संख्या लहान होत जाते, म्हणून कधीतरी थांबावेच लागते, आणि थांबतो तिथे विषम संख्याच असते. शेवटी ताळा करायचा, की मिळालेले m आणि n शून्य किंवा त्याहून मोठे पूर्णांकच आहेत ना. हा ताळा अनेकजण गाळतात आणि फसतात. पूर्णांकांवरच्या f(x) = 2x मध्ये x = y/2 असे झटकन लिहिले जाते; y = 7 घेतला की साडेतीन येतात, आणि साडेतीन हा पूर्णांकच नाही.

आणखी एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. 2ᵐ × 3ⁿ हा नियम 5 पाशी अडला, तो तिकीटपुस्तकात 5 छापला होता म्हणून. पुस्तकात फक्त 1, 2, 3, 4, 6, 8, 9, 12… असे त्या नियमातून येणारेच क्रमांक छापले असते, तर तोच नियम आच्छादक ठरला असता. म्हणून नुसते सूत्र देऊन ‘हे आच्छादक आहे का?’ असे विचारले, तर त्या प्रश्नाला उत्तर नसते. आधी क्रमांकांचा संच, म्हणजे सहप्रांत, सांगावा लागतो.

आता कागद घ्या आणि स्वतःचे जन्मसाल निम्मे करत जा. साल विषम असेल तर तुम्ही शून्याव्या रांगेत बसला आहात. सम असेल तर रांग आणि खुर्ची शोधून काढा. त्या खुर्चीवर दुसरे कोणतेही साल बसलेले नसेल.