‘पुन्हा पाठवा’ दाबण्याआधी

रात्रीचे ११.३८ झाले आहेत. पुण्यातल्या एका वसतिगृहात टी.वाय.बी.कॉम.ची एक विद्यार्थिनी परीक्षा अर्जाचे पोर्टल उघडून बसली आहे. मुदत ११.५९ पर्यंत, त्यानंतर विलंब शुल्क. पीआरएन तिला तोंडपाठ आहे, विषयांचे कोड वहीत आहेत, फीचे पैसे वडिलांनी दुपारीच खात्यात टाकलेत. आठवत नाही तो फक्त पासवर्ड.

ही मुलगी कल्पनेतली आहे. तिच्या वाटेतले अडथळे मात्र रचलेले नाहीत. परीक्षा अर्जाच्या शेवटच्या रात्री ते कोणत्याही कॉलेजच्या मुलांना भेटतात. प्रत्येक पोर्टलची वागणूक थोडी वेगळी असते, पण आतली यंत्रणा बहुतेक ठिकाणी सारखीच. पुढच्या एकवीस मिनिटांत ती यंत्रणा काय काय करते ते पाहण्यासारखे आहे.

पासवर्ड विसरला यात नवल नाही. हे पोर्टल सत्रातून एकदा, म्हणजे वर्षातून जेमतेम दोनदा उघडायचे. त्यातून त्याची अट अशी की एक मोठे अक्षर हवे, एक आकडा हवा, एक चिन्ह हवे. म्हणून मुले स्वतःच्या नावापुढे @123 लावतात, पुढच्या वेळी @1234 करतात, आणि सहा महिन्यांनी यातले शेवटचे कोणते होते ते कुणालाच सांगता येत नाही. या अटींची मुळे अमेरिकेतल्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेच्या २००३ सालच्या मार्गदर्शिकेत सापडतात. ती लिहिणारे बिल बर् यांनी २०१७ मध्ये, आपण सांगितलेल्यापैकी बऱ्याच गोष्टींचा आता पस्तावा होतो, अशी जाहीर कबुली दिली. त्याच वर्षी निस्टनेही मोठे अक्षर-आकडा-चिन्ह ही सक्ती नको, पासवर्ड लांब असू द्या, असा सल्ला दिला. आपल्याकडच्या बऱ्याच पोर्टलांपर्यंत तो अजून पोचायचा आहे.

आपली विद्यार्थिनी अंदाजाने पासवर्ड टाकत सुटते. नाव आणि 123, मग 1234, मग जन्मसाल. पासवर्डच्या रकान्यात नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे लॅपटॉपचा कीबोर्ड मघाशी मैत्रिणीला मराठीत मेल लिहिताना देवनागरीवर राहून गेला आहे हे तिच्या ध्यानात येत नाही. डोळ्याच्या चिन्हावर एकदा क्लिक केले असते तर ते लगेच दिसले असते. पाचव्या चुकीला पोर्टल तिचे खाते काही वेळापुरते बंद करते. यात पोर्टलचा दोष नाही. हजारो पासवर्ड आपोआप टाकून पाहणाऱ्या चोरट्या प्रोग्रामला अडवायचे तर चुकांवर मर्यादा हवीच. पोर्टलला तो प्रोग्राम आणि घाबरलेली मुलगी यांतला फरक कळत नाही, इतकेच.

“अगं, ऑफिसला फोन करून विचार ना काय पासवर्ड होता ते,” रूममेट म्हणते. रात्रीची वेळ सोडून द्या, भर दुपारी विचारले असते तरी उत्तर मिळाले नसते. नीट बांधलेल्या पोर्टलला विद्यार्थ्याचा पासवर्ड माहीतच नसतो. आपण पासवर्ड ठरवतो तेव्हा एक गणिती प्रक्रिया त्याचे अक्षर-आकड्यांच्या लांबलचक ओळीत रूपांतर करते, आणि पोर्टल फक्त ती ओळ जपून ठेवते. जात्यातून निघालेल्या पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत, तसा त्या ओळीवरून मूळ पासवर्ड काढता येत नाही. पुढच्या वेळी आपण टाकलेल्या पासवर्डचे पुन्हा तसेच रूपांतर होते आणि दोन ओळी जुळल्या तर दार उघडते.

पूर्वी असे नव्हते. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये साठच्या दशकाच्या सुरुवातीला एकच मोठा संगणक अनेक जण वाटून वापरत, आणि प्रत्येकाला ठरावीक वेळ मिळे. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला तो पुरेना. १९६२ मध्ये त्याने सगळ्यांचे पासवर्ड साठवलेली फाइल सरळ छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम चालू ठेवले. पासवर्ड वाचता येतील असे साठवले की काय होते, याचे इतके जुने आणि इतके विद्यार्थीसुलभ उदाहरण दुसरे नसावे! आजही एखादे संकेतस्थळ ‘पासवर्ड विसरलात?’ विचारल्यावर तुमचा जुनाच पासवर्ड जसाच्या तसा मेलवर पाठवत असेल, तर ते तो उघडा साठवत आहे असे समजावे आणि तो पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नये.

तर जुना पासवर्ड सांगता येत नाही, नवा करावा लागतो. त्यासाठी पोर्टल एक लिंक मेलवर पाठवते, आणि खरा घोळ इथून सुरू होतो. त्या लिंकच्या शेपटीला अक्षरांची एक लांब माळ असते. ही माळ एकदाच वापरायची, ठरावीक वेळेतच चालणारी किल्ली असते. बहुतेक पोर्टलांवर नवी लिंक मागितली की आधीची त्या क्षणी निकामी होते. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच. एका खात्याच्या चार-चार चालू किल्ल्या मेलपेटीत पडून राहायला नकोत.

आता घड्याळ बघू. विद्यार्थिनी ११.४२ ला पहिली लिंक मागते. मेल येत नाही. ११.४४ ला ती ‘पुन्हा पाठवा’ दाबते, ११.४६ ला आणखी एकदा. ११.४९ ला मेल येतो, ती टुणकन लिंक उघडते आणि पडद्यावर येते, ‘ही लिंक वैध नाही’. कारण तो मेल ११.४२ चा आहे आणि त्यानंतर दोनदा नवी लिंक मागितली गेली आहे. ११.५१ ला दुसरा मेल येतो, तोही निकामी. पोर्टलच बिघडले असे समजून ११.५२ ला ती चौथ्यांदा बटण दाबते. वाटेत असलेली तिसरी, तोवर एकमेव चालू असलेली लिंक त्याच क्षणी मरते. ११.५५ ला तो मेल पोचतो तेव्हा त्यात काही उरलेले नसते. चौथा मेल येतो १२.०३ ला. ती लिंक चालते, नवा पासवर्ड होतो, आत गेल्यावर अर्जाच्या जागी ‘मुदत संपली’ अशी पाटी असते.

तिने बटण एकदाच दाबले असते तर ११.४९ चा मेल चालला असता आणि हातात दहा मिनिटे राहिली असती.

मेलला इतका वेळ का लागावा? मेल म्हणजे फोनवरचे बोलणे नव्हे. तो एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे रांगेतून जातो. शेवटच्या रात्री पोर्टलच्या एकाच पत्त्यावरून एकदम ढीगभर मेल निघतात. घेणारा सर्व्हर इतक्या गर्दीकडे संशयाने बघतो आणि काहींना ‘आत्ता नको, नंतर या’ असे तात्पुरते उत्तर देतो. पाठवणारा मग थोडा थांबून पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स या सर्रास वापरल्या जाणाऱ्या मेल सर्व्हरमध्ये, कुणी बदलले नसेल तर, ही पहिली विश्रांती सुमारे पाच मिनिटांची असते. प्रत्येक नव्या विनंतीने त्याच रांगेत आणखी एक मेल वाढतो. म्हणून अशा वेळी एकदाच दाबावे आणि स्पॅम व प्रमोशन्सचे कप्पे बघत दहा मिनिटे कळ काढावी. बटण अनेकदा दाबून झालेच असेल तर हात आवरावा आणि सर्वांत शेवटच्या विनंतीच्या मेलचीच वाट पाहावी.

मोबाइलवरच्या ओटीपीलाही बहुधा हाच नियम लागतो, शेवटचा आकडा तेवढा खरा. त्यात आणखी एक मेख आहे. सिम हरवून त्याच नंबरचे नवे घेतले असेल तर चोवीस तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. सिम-फसवणूक रोखण्यासाठी दूरसंचार खात्याने २०२२ मध्ये घातलेला हा निर्बंध आहे. आदल्या दिवशी सिम बदललेल्या मुलाने ओटीपीची वाट बघण्यात अर्थ नाही, त्याने मेलचा पर्याय असेल तर तो धरावा.

याहून अवघड गाठ लहान गावांतून आलेल्या मुलांची. पहिल्या वर्षाचा अर्ज नेट कॅफेत भरलेला असतो, आणि तिथल्या दादाने घाईत स्वतःचाच मेल पत्ता टाकलेला असतो, किंवा जागेवर एक नवा मेल काढून दिलेला असतो, ज्याचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. मग लिंक येते, पण भलत्याच दारी. अनेक पोर्टले लिंक पाठवताना पत्ता अर्धवट झाकून दाखवतात, पहिली एक-दोन अक्षरे आणि पुढे तारे. ती अक्षरे ओळखीची नसतील तर वाट बघू नये, लगेच कॉलेजच्या परीक्षा विभागाच्या मदत क्रमांकाकडे वळावे.

“अगं, मागच्या वेळी फॉर्म कुठून भरला होतास?” हा खरा उपयोगाचा प्रश्न रूममेटला ११.५७ ला सुचतो. मागचा अर्ज बार्शीला घरी, दादाच्या लॅपटॉपवर भरलेला. फोन वाजत राहतो. दादा झोपलेला. सकाळी तो क्रोममध्ये chrome://password-manager/passwords हा पत्ता टाकतो, पोर्टलचे नाव शोधतो, लॅपटॉपचा पिन देतो, आणि जुना पासवर्ड समोर! मोठे अक्षर नावाच्या मधेच होते. पोर्टलचा पत्ता मधल्या काळात बदलला असेल तर ब्राउझर पासवर्ड आपणहून सुचवत नाही, पण यादीत तो असतोच. पाच चुका करण्याआधी ही यादी, आणि जिथे पोर्टल अजून लॉगइन राहिले असेल असा फोन किंवा लॅपटॉप, या दोन जागा आधी बघायच्या.

दुसऱ्या दिवशी ती परीक्षा विभागात जाते तेव्हा तोंडी तक्रारीखेरीज तिच्याकडे एक कागद आहे. संगणकावर जीमेलमध्ये मेल उघडून तीन ठिपक्यांखालचे Show original निवडले की मेल केव्हा तयार झाला आणि किती सेकंदांनी पोचला ते दिसते. तिच्या चौथ्या मेलपुढे Delivered after 660 seconds असे आहे, म्हणजे अकरा मिनिटे. क्लार्क तो अर्जाला जोडून घेतात. विलंब शुल्क माफ होईल की नाही हे वरचे ठरवतील, पण मुदतीच्या आत धडपड केली होती याचा पुरावा आता फाइलमध्ये आहे.

विद्यापीठांनी मात्र एक गोष्ट करायलाच हवी, आणि तिला निविदा लागत नाही. ‘पुन्हा पाठवा’ हे बटण एकदा दाबल्यावर दहा मिनिटे बंद ठेवावे आणि त्याच्या शेजारी साध्या मराठीत लिहावे, नवी लिंक मागितली तर आधीची चालणार नाही.